लेकीच्या जन्मदाखल्यातला कोरा रकाना

माझ्या लेकीच्या जन्माची नोंद सहा वर्षं नावाशिवाय होती. २०२३च्या ५ एप्रिलला तिचं नाव असलेला दाखला हातात पडला. या दीड महिन्यात मी ज्या चुका केल्या, त्यातल्या निम्म्या कुणीतरी आधी सांगितलं असतं तर टळल्या असत्या. म्हणून सगळं घडलं तसं लिहून ठेवते.

वेदश्रीचा जन्म १४ डिसेंबर २०१६चा, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशीचा. सासर लातूरचं, पण पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. माझं माहेर परभणी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. लेकरू साडेसात महिन्यांचं जन्माला आलं आणि काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. नोटाबंदीचे दिवस होते. दवाखान्यात भरायला रोख मिळावी म्हणून आबा आणि दादा आळीपाळीने बँकेच्या रांगेत उभे राहायचे. बाराव्या दिवशी बारसं करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मूल घरी आलं की मग नाव ठेवू, असं आईने ठरवून टाकलं होतं. बारसं झालं फेब्रुवारीत. आत्याने कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, आणि आमच्या दृष्टीने नामकरण पार पडलं.

सरकारी नोंद मात्र बारशाची वाट बघत नाही. जन्म दवाखान्यात झाला असेल तर एकवीस दिवसांच्या आत कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. त्यांनी जन्माचा अहवाल भरून नगर परिषदेत पाठवला. त्या वेळी बाळाला नावच नव्हतं, त्यामुळे नावाचा रकाना कोरा गेला. यात दवाखान्याची चूक नव्हती आणि आमचीही नव्हती. कायद्याला ही शक्यता ठाऊक आहे, तिच्यासाठी वेगळी सोय आहे, आणि ती सोय भरपूर मोठी आहे. फक्त हे आम्हाला सहा वर्षांनी कळलं.

कळलं ते शाळेमुळे. फेब्रुवारीच्या मध्यात पहिलीच्या प्रवेशाची कागदपत्रं गोळा करताना बाईंनी नावासह जन्मदाखला मागितला. माझ्याकडे दाखल्याची एक पुसटलेली झेरॉक्स होती. तिच्यावर नावाच्या पुढे आडवी रेघ होती आणि नोंदणी क्रमांक वाचता येत नव्हता. लातूर महानगरपालिकेत चौकशी केली तर खिडकीवरच्या बाईंनी एका वाक्यात सांगितलं, "जन्म जिथे झाला तिथेच नोंद असते, तुम्ही राहता कुठे याचा संबंध नाही." म्हणजे माहेरी जाणं आलं.

मी लगेच निघू शकत नव्हते, म्हणून २० फेब्रुवारीला, सोमवारी, दादा नगर परिषदेत गेला. मी त्याला फोनवर जन्मतारीख, माझं नाव आणि यांचं नाव सांगितलं होतं. टेबलावरच्या माणसाने २०१६चं जन्म रजिस्टर काढलं, डिसेंबरची पानं चाळली आणि म्हणाला, "या नावाची नोंद नाही." दादाने पुन्हा बघायला लावलं. नाहीच. मग त्याने पुढचा मार्ग सांगितला: अनुपलब्धता दाखला घ्या, म्हणजे नमुना १०, आणि कोर्टातून आदेश आणून नव्याने नोंद करा. जन्म होऊन वर्ष उलटलं की पहिल्यांदा नोंद करायला तेव्हा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा, हे त्याचं बरोबर होतं. पण आमची नोंद पहिल्यांदा करायची नव्हती. ती झालेली होती, माझ्याकडे तिची झेरॉक्स होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतके दिवस पेटीत जगवलेलं माझं लेकरू कागदावर जन्मलंच नाही, असं कुणीतरी सांगतंय असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दादा तहसीलसमोरच्या टंकलेखकाकडे गेला. तिथे बसलेल्या एकाने सगळं काम अंगावर घ्यायची तयारी दाखवली. शंभरच्या बाँडवर शपथपत्र करायचं, मग नाव राजपत्रात छापून आणायचं, मग दाखला, असे मिळून अडीच हजार. दादाने शपथपत्र तेवढं करून घेतलं. बाँड, टायपिंग आणि नोटरी मिळून साडेतीनशे रुपये गेले. ते शपथपत्र शेवटपर्यंत कुणी मागितलं नाही, अजून घरात पडून आहे. राजपत्र नाव बदलण्यासाठी असतं. आमच्या मुलीचं नाव बदलायचं नव्हतं, कधी लिहिलंच गेलं नव्हतं ते लिहायचं होतं. या दोन गोष्टींतला फरक मला तेव्हा धड सांगता येत नव्हता. तो सांगता आला असता तर साडेतीनशे वाचले असते.

होळीच्या आधी आईने घर झाडायला काढलं आणि आबांच्या लोखंडी पेटीत, जमिनीच्या सातबाऱ्यांखाली, मूळ दाखला निघाला. खराब होऊ नये म्हणून आबांनी तो लॅमिनेशन करून ठेवला होता. आईने फोनवर एकेक ओळ वाचून दाखवली. जन्म दिनांक १४/१२/२०१६. आणि खाली, नोंदणी दिनांक ०३/०१/२०१७.

तिथेच सगळं उलगडलं. रजिस्टरमध्ये नोंदी लागतात त्या नोंदणीच्या तारखेने, जन्माच्या तारखेने नाही. दर वर्षी एक जानेवारीला क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. दवाखान्याने विसाव्या दिवशी कळवलं होतं, मुदतीतच, पण तोवर साल उलटलं होतं. माझी मुलगी २०१६ची, तिची नोंद २०१७च्या रजिस्टरात, अगदी पहिल्या पानांवर. त्या माणसाने चुकीचं रजिस्टर बघितलं आणि आम्हीही त्याला चुकीचंच साल सांगितलं. तुमच्या मुलाचा जन्म डिसेंबरचा असेल आणि नोंद सापडत नसेल, तर आधी पुढच्या वर्षाचं रजिस्टर काढायला सांगा. त्याआधी अनुपलब्धता दाखला घेऊ नका. तो घेऊन आम्ही कोर्टात गेलो असतो, तर एका मुलीच्या जन्माच्या दोन नोंदी झाल्या असत्या, आणि ते निस्तरणं याहून कितीतरी अवघड गेलं असतं.

आता मी स्वतः जायचं ठरवलं. जाण्याआधी माहेरच्या ओळखीतल्या एका निवृत्त ग्रामसेवकांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर गावाची जन्म-मृत्यू नोंद ठेवलेली. ते म्हणाले, "ताई, एकच लक्षात ठेवा. तुमचा अर्ज दुरुस्तीचा नाही. दुरुस्ती कलम १५मध्ये येते, चूक झाली असेल तर. तुमचं काम कलम १४चं. नावाशिवाय नोंद झाली असेल तर आई, वडील किंवा पालकाने नाव कळवायचं आणि निबंधकाने लिहायचं. नोंदणीपासून एक वर्ष झालं नसेल तर फुकट, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून." कायदा १९६९चा, जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम. मी तारखा मोजल्या. फुकटचं वर्ष जानेवारी २०१८ला संपलं होतं, पण पंधरा वर्षं जानेवारी २०३२पर्यंत पुरणार होती. हा हिशेब जन्मतारखेपासून धरत नाहीत, नोंदणीच्या तारखेपासून धरतात. महिनाभराची धाकधूक त्या एका फोनने अर्ध्यावर आली.

१४ मार्चला, मंगळवारी, सकाळच्या गाडीने निघाले. नगर परिषदेत पोचले तर जन्म-मृत्यूचं टेबल रिकामं. जुन्या पेन्शनसाठी त्याच दिवसापासून संप सुरू झाला होता. बातमी मी ऐकली होती, पण संप लगेच लागू होईल आणि आपल्याच कामाच्या आड येईल असं वाटलं नव्हतं. दारातल्या शिपायाने पाणी दिलं, इतकंच. आईकडे जेवून संध्याकाळी परत आले. जाण्यायेण्याचे पैसे आणि एक रजा वाया गेली. संप २० तारखेला मिटला. २२ला पाडवा होता, म्हणून २३ मार्चला पुन्हा गेले. मधल्या काळात, १७ मार्चपासून, एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं. नेहमीच्या निम्मे पैसे घेऊन कंडक्टरने तिकीट हातात ठेवलं तेव्हा खरंच बरं वाटलं.

त्या मधल्या आठवड्यात घरी एक काम केलं, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत तेच सर्वांत महत्त्वाचं होतं. आम्ही नावाचं स्पेलिंग ठरवलं. दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत येतं. मराठीत वाद नव्हता. इंग्रजीत मात्र आधार कार्डावर Vedashri होतं आणि बालवाडीच्या वहीत Vedashree. लसीकरणाच्या कार्डावर तर अजून नुसतं 'बेबी' आणि माझं नाव होतं. यांना दोन ई असलेलं आवडायचं. पण शाळेत पुढे सगळीकडे आधारशी ताडून बघतात, म्हणून आम्ही आधारावरचं धरलं. कोऱ्या रकान्यात नाव एकदाच लिहिता येतं. लिहिलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलून मिळत नाही. नंतर कलम १५खाली फक्त चूक सुधारते, आणि ती चूक होती हे आपल्याला दाखवावं लागतं. घरात दोन नावं चालत असतील, पाळण्यातलं आणि हाकेचं, तर कोणतं लिहायचं हे अर्ज देण्याआधी ठरवा. खिडकीपाशी उभं राहून ठरवू नका.

२३ तारखेला मी सोबत नेलेले कागद असे: मूळ दाखला, आम्हा दोघांची आधार कार्डं, मुलीचं आधार, रेशन कार्ड, बालवाडीचा बोनाफाईड, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र. अर्ज छापील नमुन्यात नव्हता, साध्या कागदावर हातानेच लिहिला होता. त्यातला मुख्य मजकूर इथे देते, कारण मला तो शोधूनही मिळाला नव्हता:

"प्रति, निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी. विषय: जन्म नोंदीत बाळाचे नाव समाविष्ट करणेबाबत (जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम १४). आमच्या मुलीच्या जन्माची नोंद आपल्या कार्यालयात अमुक क्रमांकाने दिनांक ०३/०१/२०१७ रोजी नावाशिवाय झालेली आहे. तिचे नाव पुढीलप्रमाणे नोंदवावे. मराठीत: वेदश्री. इंग्रजीत: Vedashri. सदर नाव आम्ही दोघांनी ठरवलेले असून यापूर्वी या नोंदीत कोणतेही नाव समाविष्ट केलेले नाही."

खाली आम्हा दोघांच्या सह्या. कायद्याने एकाची पुरते. पण माझ्या सहीवर "वडील कुठे आहेत?" हा प्रश्न येईल हे मला माहीत होतं, आणि तो आलाच. यांची सही आणि आधारची सही केलेली झेरॉक्स पुढे केल्यावर विषय तिथेच थांबला.

या वेळी टेबलावर दुसरे गृहस्थ होते. वयस्कर, शांत. अर्ज वाचून त्यांनी विषयाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बरं केलंत. लोक दुरुस्ती लिहून आणतात, मग आम्ही पुरावे मागत बसतो." २०१७चं रजिस्टर त्यांनी मिनिटभरात काढलं. तेवढ्यात त्यांची नजर मूळ दाखल्यावर गेली. "हा लॅमिनेशन केलाय. आता याच्यावर मी लिहू कसा?" नाव घालताना आधी दिलेला दाखला हजर करावा लागतो आणि त्याच्यावर नावाचा शेरा मारतात. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही, शिक्का पुसून जातो. आबांनी जपण्यासाठी केलेलं तेच आडवं आलं. शेवटी मार्ग निघाला तो असा: आधी त्याच नोंदीचा, कोऱ्या नावाचाच, नवा प्रमाणित उतारा काढायचा, तो अर्जाला जोडायचा आणि लॅमिनेशनचा दाखला जमा करायचा. यात दुपार गेली, कारण उताऱ्यावर सही करणारे अधिकारी बैठकीला होते. दाखला प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा, पण चिकटवू नका.

पावती फाटली तेव्हा चार वाजले होते. विलंब शुल्क पाच रुपये. शोध शुल्क, तो उतारा आणि नव्या दाखल्याच्या तीन प्रती धरून एकूण पंच्याऐंशी. प्रतींचा दर गावोगावी वेगळा असतो. मी पावतीकडे बघत राहिले. अडीच हजारांचं काम म्हणून जे सांगितलं होतं, त्याची सरकारी किंमत ही होती.

मग त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. म्हणाले, "बघून घ्या, तुमचीच आहे ना." आईचं नाव माझं, वडिलांचं नाव यांचं, जन्मस्थळ, पत्ता, आणि नावाच्या जागी काहीच नाही. त्यांनी माझ्यादेखत तिथे 'वेदश्री' लिहिलं. अक्षर सुरेख होतं. बाजूला निबंधकांच्या सहीसाठी आणि तारखेसाठी जागा सोडली. सही साहेबांची, ती नंतर होणार होती. मला रडू आलं. ते रजिस्टर बंद न करता तसेच थांबले, काही बोलले नाहीत.

दाखल्याबद्दल आपण एरवी कोरडं बोलतो, पण त्या पानावर माझ्या बाळंतपणाचे ते वीस दिवस होते. ती जगेल की नाही हे ठाऊक नसताना कुणीतरी ती जन्मली आहे एवढं लिहून ठेवलं होतं.

दाखला आठ-दहा दिवसांत मिळेल असं सांगितलं. रजिस्टरातली नोंद संगणकावर चढवायची होती, आणि मार्चअखेर असल्याने करवसुलीत सगळं कार्यालय गुंतलं होतं. ३० तारखेला रामनवमी होती. ३ एप्रिलला त्यांचाच फोन आला. अर्जावर मी मोबाईल नंबर ठळक लिहिला होता, त्याचा हा उपयोग झाला. म्हणाले, "छापायच्या आधी एकदा मसुदा बघा, फोटो पाठवतो." फोटो आला. मराठी नाव बरोबर. इंग्रजीत Vedashree. टाईप करणाऱ्याने सवयीने लिहिलं होतं. मी लगेच फोन करून अर्जातली ओळ वाचून दाखवली आणि त्यांनी समोरच बदल करून घेतला. एकदा मंजूर होऊन छापलं गेलं असतं तर त्या दोन अक्षरांसाठी खरोखरच दुरुस्तीचा अर्ज करावा लागला असता. तुम्हाला असा मसुदा कुणी दाखवला नाही तर आपण होऊन मागा. स्पेलिंग, आईवडिलांची नावं, जन्मतारीख आणि नोंदणीची तारीख, एवढं तरी संगणकावर असतानाच बघून घ्या.

५ एप्रिलला शेवटची फेरी केली. परभणीकडचं ऊन तेव्हाच टोचायला लागलं होतं. वेदश्रीलाही सोबत नेलं होतं, शाळेला सुट्टी टाकून. तीन प्रती हातात आल्या. मी तिथेच बाकावर बसून प्रत्येक प्रत अर्जाशी ताडली. तिने आपलं नाव एकेक अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, "हे आधी कुठं होतं?" मी म्हटलं, बारशात होतं.

एक गोष्ट राहिली. २३ मार्चला रजिस्टरचं ते पान बघताना मला आणखी तीन रकाने कोरे दिसले होते. त्यातल्या एका ओळीत आईचं नाव ओळखीचं होतं. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर होती ती. तिचाही मुलगा पेटीत होता आणि आम्ही दोघी रात्री एकाच थर्मासमधला चहा प्यायचो. पुढे ती पुण्याला गेली आणि आमचं बोलणं तुटलं. नंबर शोधायला मला आठवडा लागला. फोनवर मी आधी तिच्या मुलाची चौकशी केली. तो पहिलीत जाणार आहे, दाखल्याचं तिने अजून बघितलेलंच नाही. तिला नोंदणीची तारीख सांगितली, साल २०१७ सांग असं दोनदा बजावलं, आणि माझ्या अर्जाचा फोटो पाठवला. मे महिन्यात ती माहेरी येणार आहे, तेव्हा जाईन म्हणाली.